पेन उकळताना

आमच्या सोसायटीच्या गणेशोत्सवात यंदा हस्ताक्षर स्पर्धा ठेवली होती, खास साठीपुढच्यांसाठी. नियमांच्या कागदावर तिसऱ्या क्रमांकाला ‘फक्त शाईपेन’ असं होतं. तो वाचून मी सेक्रेटरींना म्हणालो, ‘‘माझ्याकडे आमच्या अण्णांचं पेन आहे. तेच काढतो आता.’’ हे मी चारचौघांत आणि जरा मोठ्यानं म्हणालो. हळू म्हणालो असतो तर सर्दी झाली म्हणून ऐनवेळी माघार घेता आली असती.

अण्णा म्हणजे माझे वडील. वाईला शाळेत मास्तर होते. त्यांचं पेन काळ्या एबोनाइटचं, अंगठ्याएवढं जाड, पोटात सरळ ड्रॉपरनं शाई भरायची. आत रबरी नळी नाही, पंप नाही, काडतूस नाही. मागची पोकळ नळी हीच दौत. ते गेल्यावर पेन माझ्याकडे आलं आणि मी ते अतिशय आदरानं, शाईसकट, कपाटात ठेवून दिलं. त्याला पंचवीस वर्षं झाली. आदर दाखवायची ही पद्धत चुकीची होती हे मला त्या मंगळवारी संध्याकाळी कळलं. स्पर्धा रविवारी होती.

टोपण निघालं. निबेवर काळपट निळी खपली धरली होती, जखमेवर धरते तशी. पाठीमागून नळी फिरवायला गेलो तर ती हलेना. मी शाईची नवी बाटली आणूनच बसलो होतो, म्हणून निब तिच्यात बुडवली आणि कागदावर ओढली. दोन शब्द उमटले आणि तिसऱ्याला नुसता चरा उठला. बुडवली तेवढीच शाई होती ती. आतून काही येत नव्हतं.

आता लहानपणी आम्ही अशा वेळी काय करायचो? फुंकायचो. तेच केलं. निब तोंडात धरून जोर लावला. आतून काही गेलं नाही, पण थुंकीनं खपली विरघळून बाहेरची बाजू तोंडात आली. आरशात पाहिलं तर ओठ निळे आणि जीभ त्याहून निळी. तेवढ्यात बेल वाजली. दारात वर्गणीवाली मुलं होती. त्यातलं एक मागच्याला म्हणालं, ‘‘आजोबांना अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची का?’’ मी पाचशे रुपये देऊन दार लावलं.

मग पिन घेतली. निबेच्या मधोमध जी चीर असते ती शाईची वाट, तेव्हा वाट मोकळी करायची तर तिच्यात काहीतरी घालायला हवं, असा माझा सरळ हिशेब. पिन चिरेत घातली आणि वरपासून टोकापर्यंत ओढली. थोडी खपली निघाली. उत्साह वाढला. पुन्हा ओढली. तिसऱ्या वेळी निबेचे दोन्ही पाय एकमेकांपासून जरा लांब उभे राहिले, भांडण झालेल्या नवरा-बायकोसारखे, आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. पण पाल चुकचुकली म्हणून थांबणारा माणूस मी असतो तर बँकेत चीफ मॅनेजर होऊन निवृत्त झालो असतो.

शेवटचा उपाय उकळत्या पाण्याचा. चिकट डबे आपण गरम पाण्यानेच धुतो ना! पातेल्यात पाणी उकळलं, गॅस बंद केला आणि पेन टोपणाविना, अख्खंच्या अख्खं, आत सोडलं. वर चमच्यानं हलवलं. अर्ध्या मिनिटात स्वयंपाकघरात एक वास पसरला. जळक्या टायरचा आणि त्यात काहीतरी गॅससारखं.

‘‘अहो, गॅस सुटलाय!’’ आतल्या खोलीतून आवाज आला आणि पाठोपाठ बायको आली. तिनं रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, मला बाल्कनीत ढकललं आणि शेजारच्या फ्लॅटची बेल वाजवून त्यांनाही बाहेर काढलं. शेजारचे काका टॉवेलवर जिन्यात उभे राहिले. पातेल्यातलं पेन सगळ्यांना एकदमच दिसलं.

आता यात बायकोची चूक काहीच नव्हती. एबोनाइट म्हणजे रबरात भरपूर गंधक घालून, तापवून कडक केलेला पदार्थ. तो तापला की गंधकाचा वास सोडतो. आणि आपल्या सिलिंडरच्या गॅसला मुळात वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात जे मिसळतात तेही गंधकाचंच संयुग असतं. तिच्या नाकानं बरोबर ओळखलं होतं. फक्त ते सिलिंडरमधून आलं नव्हतं, अण्णांच्या पेनातून आलं होतं.

पेन बाहेर काढलं तेव्हा ते काळं राहिलं नव्हतं. होमगार्डच्या गणवेशासारखं खाकी झालं होतं. वर्षानुवर्षं उजेड लागून एबोनाइटचा वरचा थर आतल्या आत खराब झालेला असतो, पण दिसायला काळाच राहतो. गरम पाणी लागलं की त्याचं पितळ उघडं पडतं. टोपण मी पाण्यात घातलं नव्हतं, म्हणून टोपण काळं आणि पेन खाकी. घाईत बूट बदलून आलेल्या माणसासारखं दिसत होतं ते. आणि शाई? शाई होती तिथेच होती.

बुधवारी सकाळी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळात गेलो. तिथे एक गृहस्थ पेनं दुरुस्त करतात. दुकान म्हणजे एक टेबल, एक दिवा आणि एक खुर्ची, आणि त्या खुर्चीवर ते स्वतः बसतात. गिऱ्हाइकानं उभं राहायचं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि पेनाकडे बराच वेळ पाहिलं.

‘‘पिन कुणी घातली?’’

‘‘घातली गेली.’’

‘‘आपोआप?’’

मी गप्प राहिलो.

‘‘आणि उकळलंत कशाला? भाजी होती का?’’

मग त्यांनी जे सांगितलं ते मी इथे माझ्या शब्दांत देतो. त्यांचे शब्द देण्यासारखे नव्हते.

शाई वाळते म्हणजे तिच्यातलं पाणी उडून जातं आणि रंग मागे उरतो. साध्या निळ्या शाईचा रंग पाण्यात विरघळणाराच असतो, पंचवीस वर्षांनीसुद्धा. तेव्हा करायचं एवढंच, की गेलेलं पाणी त्याला परत द्यायचं. अडचण ही की ते एकदम देता येत नाही. निबेच्या खाली जी काळी पट्टी असते, जिला आम्ही शाळेत पेनाची जीभ म्हणायचो आणि आता फीड म्हणतात, तिच्यात केसासारख्या बारीक खाचा असतात. 1884 साली अमेरिकेत वॉटरमननं पेटंट घेतलं ते अशाच खाचांच्या जिभेचं. या खाचांतून शाई खाली येते आणि तेवढीच हवा वर पोटात जाते. हवा वर गेली नाही तर शाई खाली येत नाही, गच्च भरलेली बाटली उलटी केली की पाणी अडतं तसं. खाचा वाळक्या शाईनं बुजल्या की दोन्ही वाटा एकदम बंद. त्यातली शाई थराथरानं विरघळते. वरचा थर सुटल्याशिवाय पाणी खालच्या थरापर्यंत पोचत नाही. जोर लावून हा क्रम बदलत नाही.

‘‘त्यामुळे गार पाण्यात ठेवा,’’ गृहस्थ म्हणाले, ‘‘आणि स्वतःचे हात दुसऱ्या खोलीत ठेवा. चायनीज इंक वगैरे भरली नव्हती ना? ड्रॉइंगची? तिच्यात लाख असते. ती पाण्यानं सुटत नाही.’’

अण्णा आणि ड्रॉइंग! नव्हती म्हणालो.

‘‘मग शुक्रवारपर्यंत धुवा, शनिवारी आणा. पैसे तेव्हा.’’

येताना केमिस्टकडून लहान मुलाचं नाक साफ करायचा रबरी फुगा घेतला. हाही त्यांचाच सल्ला. दुकानातल्या मुलीनं हसून विचारलं, ‘‘बाळ किती महिन्यांचं आहे?’’ खरं सांगायला गेलो असतो तर रांगेतल्या सगळ्यांना सांगावं लागलं असतं. म्हणून ‘‘सहा’’ म्हणून टाकलं. तिनं कौतुकानं सर्दीचे थेंबही दाखवले.

घरी येऊन कामाला लागलो. आधी निबेचा पुढचा भाग पाठच्या नळीपासून वेगळा करायचा होता. आट्यांमध्ये शाई वाळून ते चिकटलेलं असतं, तेव्हा सांधा बुडेल इतक्या गार पाण्यात तासभर ठेवायचा आणि मग दोन्ही बाजूंना सायकलच्या ट्यूबचे तुकडे धरून हळूच फिरवायचं. पक्कड लावायची नाही. पहिल्या तासाला हललं नाही. दुसऱ्या तासाला एक बारीकसा ‘कट्’ आवाज आला. माझी छाती धडधडली, पण ती फक्त आटे सुटल्याची खूण होती.

तो पुढचा भाग मी निब खाली करून पाण्याच्या कपात उभा ठेवला. कप लग्नातल्या सहाच्या सेटपैकी होता. हा तपशील पुढे महत्त्वाचा आहे.

आणि मग मी जे पाहिलं ते पाहायला तुम्ही एकदा तरी पेन तुंबवावं. पहिली पाच मिनिटं काहीच झालं नाही. मग निबेवरच्या त्या छोट्याशा गोल भोकातून निळा धागा निघाला. अगदी बारीक, कशिद्याच्या दोऱ्यासारखा. तो सरळ खाली उतरला, तळाला टेकला आणि तिथे गुंडाळी होऊन पसरला. त्याच्यापाठोपाठ दुसरा निघाला. रंगीत पाणी जड असतं म्हणून ते खालीच जातं. मी खुर्ची ओढून कपासमोर बसलो. बायकोनं दोनदा जेवायला हाक मारली.

तळ दिसेनासा झाला की पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी ते तासातासाला बदलावं लागलं. संध्याकाळी फुग्याची पाळी आली. त्याचं टोक कापून पेनच्या मागच्या बाजूला बसेल असं केलं, पाणी भरलं आणि हलकेच दाबलं. फुगा घट्ट राहिला आणि निबेतून काहीच आलं नाही. इथे हात शिवशिवतात. जोरानं दाबलं तर सगळं पाणी मागच्या बाजूनं उलटं उडून तोंडावर येतं. हे मला गृहस्थांनी सांगितलं नव्हतं, ते मी स्वतः शोधून काढलं. पुन्हा कपात ठेवलं. रात्री दाबलं तेव्हा निबेच्या टोकाला एक थेंब लोंबकळला. गुरुवारी सकाळी थेंबामागून थेंब. दुपारी बारीक धार लागली. मग दाबून पाणी बाहेर काढायचं आणि निब पाण्यात असताना फुगा सैल सोडून आत ओढायचं, असं दोन्हीकडून चालवलं. नुसतं एकाच दिशेनं ढकललं तर सुटलेला चिखल एखाद्या कोपऱ्यात जाऊन पुन्हा बसतो.

शुक्रवारी सकाळी पाणी जवळजवळ स्वच्छ यायला लागलं आणि मग तिथेच अडलं. टीपकागदावर निब टेकवली की पाण्याच्या डागाला जांभळी कड उमटायची. धुतलं की जायची, तासानं पुन्हा यायची. तेव्हा कपभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब टाकले. चहाच्या चमच्यानं टाकायचं नाही, थेंबच टाकायचे, कारण साबण आत राहिला की पुढे शाई कागदावर फुटते. साबणानंही भागलं नाही तर दहा भाग पाण्यात एक भाग साधा अमोनिया चालतो. तो नंतर भरपूर धुवायचा. मला तो लागला नाही. लागला असता तरी त्या वासानं शेजारचे काका पुन्हा टॉवेलवर बाहेर आले असते.

साबणाच्या पाण्यात दोन तासांनी कपात पाहिलं तर पाणी लाल. मला वाटलं बोट कापलं. बोट शाबूत होतं. पाणी पुन्हा बदललं, पुन्हा लाल धागा. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. निळ्याच्या खाली लाल होतं. अण्णा याच पेनात आधी लाल शाई भरून वह्या तपासायचे, निवृत्तीनंतर त्यातच निळी भरून पत्रं लिहू लागले, आणि मधे पेन नीट धुतलं नसावं. म्हणजे तुंबवण्याची सवय मला वारशानं मिळाली होती. मोठा दिलासा मिळाला. मग मी तो लाल रंग पाहत बसलो. माझ्या चौथीच्या वहीतला ‘अक्षर सुधारा’ हा शेरा याच शाईनं, याच निबेनं उतरलेला. शेरा देणारा घरातलाच असल्यामुळे तो लपवायलाही जागा नव्हती.

शनिवारी गृहस्थांकडे गेलो. त्यांनी निब आणि जीभ एकत्र, ट्यूबच्या तुकड्यात धरून, न पिळता सरळ ओढून काढली. भिजल्यामुळे ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. जिभेच्या खाचांतून मऊ झालेला दातांचा ब्रश फिरवला, खाचांच्या दिशेनं, आडवा नाही. निबेच्या चिरेतून पितळेचा कागदाहून पातळ पत्रा सरकवला. पिनेचं पोलाद निबेला ओरखडतं, पितळ मऊ असतं. मग पायांमधलं अंतर त्यांनी नखानं आणि नजरेनं कमी केलं. चीर टोकाकडे निमुळती होत गेली तरच शाई टोकापर्यंत ओढली जाते. पाय फाकले की ती वाटेतच थांबते. म्हणजे ज्या शाईला मी वाट मोकळी करून देत होतो, तिची वाट मी मोडत होतो.

निब परत बसवली आणि उजेडात धरली. निब आणि जीभ यांच्यात एक फट दिसत होती. माझ्या चमच्यानं केलेली.

‘‘जा, शेजारून चहावाल्याकडून ग्लासभर उकळतं पाणी आणा.’’

‘‘उकळतं?’’

‘‘पेन तुमच्याकडे होतं तेव्हा ते चुकीचं होतं.’’

उकळत्या पाण्यात एबोनाइट किंचित मऊ होतं. त्यांनी फक्त निबेचं टोक आणि जीभ बुडवली, थोडा वेळ थांबले, बाहेर काढून अंगठ्यानं जीभ निबेला दाबून धरली आणि गार पाण्यात घातली. फट गेली. खाकी रंगाचं विचारलं तर म्हणाले, ‘‘गेला तो गेला. घासून वरचा थर काढला तर काळा दिसेल, पण मग पेन बारीक होईल आणि त्यावरचं कोरलेलं नाव जाईल.’’ नाव ठेवलं. त्यांनी दोनशे रुपये घेतले आणि तीन सूचना दिल्या. रात्रभर निब खाली करून टीपकागदात वाळवा, आट्यांना ग्रीस लावा, आणि शाई भराल तेव्हा पोट पूर्ण भरा.

तिन्ही सूचना मी लक्षात ठेवल्या आणि एकही पाळली नाही. वाळवायला धीर नव्हता. ग्रीस घरात नव्हतं. आणि पोट अर्धंच भरलं, कारण दहा ओळींना एवढी शाई कशाला?

रविवारी दहा वाजता मंडपात बसलो. पेन सुंदर चाललं. फक्त पहिल्या दोन ओळी फिकट आकाशी उमटल्या, कारण जिभेच्या खाचांत पाणी राहिलं होतं. तिसरी ओळ जरा गडद आणि पाचवीपासून ठणठणीत निळी. दुरून पाहिलं तर कागद पहाटेपासून दुपारपर्यंत जात होता. सातव्या ओळीला आट्यांतून शाई झिरपून दोन बोटं निळी झाली. नवव्या ओळीला अर्ध्या रिकाम्या पोटातली हवा माझ्या हाताच्या उबेनं फुगली. भरलेल्या पोटात हवा थोडी असते म्हणून ती फार काही करू शकत नाही, अर्ध्या पोटात मात्र ती शाईला ढकलून देते. निबेवरून एक टपोरा थेंब ‘मोरया’ या शब्दातल्या ‘र’वर पडला.

संध्याकाळी कागद परत मिळाला. परीक्षक निवृत्त शिक्षिका होत्या. खाली त्यांनी लाल शाईनं लिहिलं होतं: ‘अक्षर बरे. टापटीप नाही.’

आता दर पंधरा दिवसांनी, लिहिलं असो वा नसो, मी पेन रिकामं करून गार पाण्यानं धुतो आणि रात्रभर वाळवतो. ग्रीस आणलं आहे. पेन खाकीच आहे, पण टोपण घातलं की निम्मं काळं दिसतं. लग्नाच्या सेटमधल्या त्या कपाला आत बारीक तडे होते आणि त्यांत शाई उतरली आहे, घासून जात नाही. पाहुणे आले की पाच कप बाहेर येतात. त्या सहाव्यात चहा मला मिळतो.